इंग्रजीत टोचणारं वाक्य मराठीत बोथट का होतं? (अभ्यासिकेच्या भिंतीसाठी मदत हवी)

केशरकाडी (धागाकर्ती)

तालुक्याच्या गावातल्या एका स्पर्धा परीक्षा अभ्यासिकेसाठी तीन फलक करून द्यायचे आहेत. प्रत्येकी तीन बाय दोन फूट, भिंत पांढरी, वाचणारा साधारण दहा फुटांवर बसलेला. मुलं-मुली दोन्ही, वय वीस ते तीस. चालकांनी वाक्यं इंग्रजीतून दिली आणि म्हणाले, मराठीत करा, पण "मजा गेली नाही पाहिजे".

वाक्यं अशी:

१. डोन्ट स्टॉप व्हेन यू आर टायर्ड, स्टॉप व्हेन यू आर डन.
२. फॉल सेव्हन टाइम्स, स्टँड अप एट.
३. यू हॅव गॉट धिस.

माझा पहिला खर्डा:

१. थकल्यावर थांबू नका, काम पूर्ण झाल्यावर थांबा.
२. सात वेळा पडा, आठ वेळा उभे राहा.
३. तू हे करू शकतोस.

व्याकरणाची चूक नाही, अर्थही तोच आहे. पण पहिलं वाचून एसटी डेपोतली सूचना आठवते, दुसरं शाब्दिक उदाहरण वाटतं आणि तिसरं दुकानात मिळणाऱ्या शुभेच्छापत्रावरचं. नेमकं काय सांडतंय ते कळत नाही. जाणकारांनी हात लावावा.

---

सरळसोट

सोपं आहे. मराठी शब्द लांब, इंग्रजी शब्द आखूड. टायर्ड, डन, स्टॉप, सगळे एका झटक्यात संपतात. आपलं "पूर्ण झाल्यावर" म्हणेपर्यंत पोरगं चहाला गेलेलं असतं. शब्द कापा. "थकू नका. थांबू नका." झालं काम.

---

रस्साकमी

आखूड झालं खरं, पण मूळ वाक्यात थांबायची परवानगी आहे हो सरळसोट. काम झालं की थांब, असं ते म्हणतंय. तुमच्या वाक्यात पोराला मरेपर्यंत सुट्टी नाही.

---

बोरूबहाद्दर

सरळसोट यांचं अर्धं बरोबर आहे. लांबी हे एक कारण आहे, पण मुख्य नाही. बोलताना जसे तुकडे पडतात तसे मोजले, तर इंग्रजी वाक्य नऊ-दहा तुकड्यांचं आहे आणि धागाकर्तीचं पंधराचं. चार तुकडे कापले म्हणून डेपोची सूचना लगेच घोषणा होत नाही.

इंग्रजी वाक्याचे दोन भाग ऐका. "स्टॉप व्हेन यू आर" इथपर्यंत दोन्ही भाग जवळजवळ सारखेच आहेत. फरक फक्त शेवटच्या शब्दात, टायर्ड आणि डन. कान सारखं-सारखं ऐकत येतो आणि शेवटच्या पायरीवर अडखळतो. मजा म्हणतात ती त्या अडखळण्यात आहे.

आता मराठी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. त्यामुळे खर्ड्यात शेवटची जागा कुणाला मिळाली? पहिल्या भागात "नका", दुसऱ्यात "थांबा". आणि ज्या दोन शब्दांवर वाक्य उलटतं ते थकणं आणि पूर्ण होणं, एक अगदी सुरुवातीला तर दुसरं मधे कुठेतरी दडलेलं. शिवाय दोघांचा आकार वेगळा. एक एकशब्दी, दुसरा तीन शब्दांचा. जोडी आहे हे कानाला कळतच नाही.

एक चाचणी सांगतो. वाक्याचा शेवटचा शब्द अंगठ्याने झाका. "थकल्यावर थांबू नका, काम पूर्ण झाल्यावर..." काही बिघडलं का? नाही, पुढचा शब्द कुणीही सांगेल. म्हणजे शेवटची जागा, जी सगळ्यात महाग, ती आपण फुकट घालवली. इंग्रजीत "डन" झाकून बघा, वाक्यच उरत नाही.

म्हणून काम या क्रमाने करावं. आधी वाक्य कोणत्या जोडीवर उलटतं ती शोधायची. मग ती जोडी शेवटाकडे आणायची, त्यासाठी क्रियापद उचलून पुढे टाकायला लागलं तरी चालेल. मग दोघांना एकाच मापाचे कपडे घालायचे, म्हणजे एकच प्रत्यय, जमल्यास तितकीच अक्षरं. आणि सर्वात शेवटी कात्री. सरळसोट यांनी कात्री आधी चालवली, तिथे गडबड झाली.

हे करून मला मिळालं ते असं:

थांबायचं थकल्यावर नाही, संपल्यावर.

---

केशरकाडी

अंगठ्याची चाचणी भारीच. तिन्ही वाक्यांना लावून बघितली, तिन्ही नापास.

---

अनुस्वार

बोरूबहाद्दर, रचना पटली, पण "संपल्यावर" धोक्याचं आहे. काम संपतं तसा माणूसही संपतो. "तो संपला" याचा अर्थ आपल्याकडे काय होतो? अभ्यासिकेच्या भिंतीवर "थांबायचं संपल्यावर" म्हणजे परीक्षार्थींना अगदीच खरं वाटेल. :)

"सरल्यावर" घ्या. काम सरतं, माणूस सरत नाही.

---

बोरूबहाद्दर

मान्य. कर्ता गाळला की ही अडचण येते. कोण संपल्यावर, हे वाचणाऱ्यावर सोडलं जातं आणि तो स्वतःलाच तिथे बसवतो. "सरल्यावर" निर्धोक आहे, पण विशीतल्या पोरांच्या तोंडात तो शब्द किती उरलाय?

---

पिंपळपार

दमल्यावर नाही, जमल्यावर थांब.

(चालता चालता सुचलं. चूकभूल द्यावी घ्यावी.)

---

रस्साकमी

आई गं! हे घ्या आणि धागा बंद करा.

---

केशरकाडी

पिंपळपार, साष्टांग नमस्कार. दमल्यावर, जमल्यावर. एका अक्षराचा फरक!

---

अनुस्वार

सुंदर आहे, पण आता भाषांतर आहे का? "डन" म्हणजे काम उरकलं. "जमलं" म्हणजे हातात बसलं. दोन वेगळ्या गोष्टी. शंभर पानं वाचायची आहेत, वाचून संपली, पण जमली नाहीत, तर उठायचं की बसायचं?

---

पिंपळपार

माझ्या मते बसायचं. :) गणित किंवा बुद्धिमत्ता चाचणीचा सराव असेल तर "उरकलं"पेक्षा "जमलं" जास्त खरं आहे. पन्नास उदाहरणं उरकून काय उपयोग, रीत जमली पाहिजे. वाचनाच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर, तिथे अर्थ थोडा सरकतो. पण हे वाक्य म्हणजे दस्तऐवज नाही. सरकला तो बऱ्या बाजूला सरकला.

---

अनुस्वार

"बऱ्या बाजूला सरकला" हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न राहतोच. असो. मी मत नोंदवून गप्प बसतो.

---

बोरूबहाद्दर

अनुस्वार यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. जमणाऱ्या यमकासाठी अर्थ ओढला की पुढे पुढे यमकच वाक्य लिहायला लागतं. मला वाटतं सीमा अशी धरावी: वाक्य वाचणाऱ्याला काय *करायला* सांगतंय ते बदलता कामा नये. इथे मूळ सांगतं की थकवा हे उठायचं कारण नाही, आणि थांबायला एक मुक्काम आहे. दोन्ही गोष्टी "जमल्यावर"मध्ये शाबूत आहेत. सरळसोट यांच्या वाक्यात मुक्काम गेला होता, म्हणून ते बाद.

एकच बदल सुचवतो. पिंपळपार यांच्या वाक्याला अंगठा लावा. "दमल्यावर नाही, जमल्यावर..." शेवटचं "थांब" पुन्हा फुकट गेलंय. ते पुढे आणा:

थांबायचं दमल्यावर नाही, जमल्यावर.

---

मामलेदार_मिसळ

प्रेरणादायी वाक्यंच हवी असतील तर इंग्रजीच्या दारात कशाला जायचं? आपल्याकडे काय कमी आहे? "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" लिहा मोठ्या अक्षरात. अस्सल मराठी. विषय संपला.

---

रस्साकमी

काका, प्रश्न "कोणतं वाक्य लावू" असा नाहीये, "भाषांतरात काय सांडतं" असा आहे. आणि तुमचं अस्सल मराठी वाक्य भाषांतरच आहे!

---

मामलेदार_मिसळ

कशाचं?

---

बोरूबहाद्दर

भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं. मराठी वामन पंडितांचं. मिसळकाका चुकून अगदी योग्य उदाहरण घेऊन आले आहेत, कारण इथे भाषांतरात धार गेली नाही, उलट आली. आणि कशी आली ते बघण्यासारखं आहे.

संस्कृत पहिली ओळ: "लभेत सिकतासु तैलमपि यत्नतः पीडयन्". शब्द जवळपास तेच आहेत. वाळू, तेल, प्रयत्न, पिळणं. फरक क्रियापदात. "लभेत" हे विध्यर्थी रूप आहे, म्हणजे "एखादे वेळी मिळेलही". त्यात शंका आहे, कवी मुद्दाम अशक्य गोष्ट बोलतोय. मराठीत झालं "गळे". गळतंच, दरवेळी गळतं, असं सांगणारं रूप. शंका निघून गेली आणि तिथे हमी आली.

दुसरं म्हणजे जागा. संस्कृतात "लभेत" पहिला शब्द आहे आणि ओळ "पीडयन्"वर, पिळण्याच्या कष्टावर, संपते. मराठीत ओळ "प्रयत्ने"ने उघडते आणि "गळे"वर, म्हणजे फळावर, संपते. कष्टापासून फळापर्यंत सरळ रस्ता. वृत्तही बदललंय. मूळ पृथ्वीत, मराठी शिखरिणीत. अक्षरं दोन्हीकडे सतराच, म्हणून लांबीचा प्रश्नच नाही.

गंमत पुढे आहे. पुढच्या ओळीत मृगजळ पिऊन तहान भागते, नंतर रानात हिंडता सशाचं शिंग सापडतं, आणि चौथी ओळ सांगते की हे सगळं जमेल, पण हट्टी मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे श्लोक प्रयत्नांबद्दल नाहीच, मूर्खाबद्दल आहे! पहिली ओळ इतकी स्वतंत्र उभी राहिली की लोकांनी ती तोडून शाळेच्या भिंतीवर लावली आणि उरलेल्या तीन विसरले.

---

मामलेदार_मिसळ

म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना अर्धा श्लोक सांगत होतो? चौथी ओळ आमच्या सोसायटीच्या सभेला जास्त उपयोगी पडेल.

---

रस्साकमी

हहपुवा. काका, तिथे चारही ओळी लावा.

---

नागपुरी_संत्रं

एक इशारा देऊन ठेवते. असे फलक पुष्कळदा इंग्रजीतून सरळ मराठीत येत नाहीत, मधे हिंदीत मुक्काम करून येतात. चालकांनी कुठून हिंदी वाक्य उचलून "हेच मराठीत फिरवा" म्हटलं तर सावध राहा. लिपी एक असल्यामुळे शब्द तिकीट न काढता इकडे येतात.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. "शिक्षा ही सफलता की कुंजी है" याचं कुणी "शिक्षा हीच यशाची किल्ली" केलं, तर मराठी पोरगं छडी आठवून हात मागे घेईल. चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे टिंगल. "निरंतर चेष्टा करा" लिहिलं तर अभ्यासिकेत तेच चालेल. मंजिल म्हणजे ध्येय, आपल्याकडे त्याचा भाऊ मजला. "मंजिल गाठा" म्हटलं की लिफ्ट शोधावी लागेल.

---

अनुस्वार

"काकचेष्टा बको ध्यानं" हा विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारा श्लोकही याच कात्रीत सापडतो. तिथे चेष्टा म्हणजे कावळ्याची धडपड. मराठी वाचकाला वाटतं कावळ्याची चेष्टा करायची आहे.

---

पिंपळपार

बिचारा कावळा. श्राद्धाला मान आणि एरवी हे.

---

केशरकाडी

तिसऱ्या वाक्याकडे येऊ का? "तू हे करू शकतोस." अंगठा लावला तर "शकतोस" फुकट जातंय. पण तो काढला तर उरतं "तू हे करू", म्हणजे काहीच नाही.

---

नागपुरी_संत्रं

त्याआधी मोठी अडचण आहे. "शकतोस" मुलग्याला. अर्धी अभ्यासिका मुलींची आहे ना? इंग्रजी "यू"ला ना लिंग, ना मान. आपल्याला वाक्य लिहायच्या आधीच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, समोर मुलगा आहे की मुलगी, आणि त्याला अरेतुरे करायचं की अहोजाहो.

---

सरळसोट

मग "तुम्ही हे करू शकता" करा. दोन्ही प्रश्न मिटले.

---

नागपुरी_संत्रं

मिटले, पण वाक्य बँकेच्या काउंटरवर गेलं. "आपण येथे अर्ज करू शकता." "शकता" म्हटलं की आपल्या कानाला परवानगी ऐकू येते, धीर नाही.

---

बोरूबहाद्दर

संत्रंताईंनी नेमकं बोट ठेवलंय. सुटकेची वाट मराठीतच आहे. माणूस कर्ता असला की क्रियापद पुष्कळदा त्याचं लिंग मागतं. माणसाला "ला" लावून बाजूला बसवलं की मागत नाही. तुला कळेल, तुला सुचेल, तुला झेपेल, तुला जमेल. यातलं एकही क्रियापद मुलगा-मुलगी विचारत नाही, आणि भविष्यकाळ असल्यामुळे "शकता"चा सरकारी वासही येत नाही.

वाक्य १ मधल्या "थांबायचं" या रूपानेही तेच साधलंय. त्यात तू-तुम्ही नाही, तो-ती नाही. स्वतःशी बोलल्यासारखं आहे. अशा भिंतींवर मला हे रूप आज्ञेपेक्षा बरं वाटतं, कारण आज्ञा कुणीतरी दुसरा देतो आणि त्या दुसऱ्याचा राग येऊ शकतो.

तर तिसऱ्यासाठी "तुला जमेल".

---

पिंपळपार

किंवा उलटं, "जमेल तुला." खांद्यावर हात ठेवून म्हणतात तसं. "तुला जमेल" हे मत वाटतं, "जमेल तुला" हा धीर.

---

मामलेदार_मिसळ

थोडा जोर लावा की! "तुला जमणारच!" लोकमान्यांच्या वाक्यात तो "च" नसता तर काय राहिलं असतं?

---

बोरूबहाद्दर

काका, आज तुम्ही एकामागून एक सोनं टाकताय. ते वाक्य तीन भाषांत शेजारी ठेवून बघा. मराठीत "आणि तो मी मिळवणारच". इंग्रजीत "अँड आय शॅल हॅव इट". हिंदीत "और मैं इसे लेकर रहूँगा". मराठीचा सगळा जोर एका "च"मध्ये आहे. इंग्रजीत "च"ला शब्दच नाही. तिथे "विल"ऐवजी "शॅल" आलं. जुन्या इंग्रजी वळणात "मी"बरोबर साधा भविष्यकाळ म्हणून "शॅल" येतच असे, पण अशा वाक्यात त्याला निर्धाराचा सूर चढतो. हिंदीत "ही" लावता आलं असतं, पण आली "लेकर रहना" ही वेगळीच रचना, जिच्यात हट्ट आधीपासून भरलेला आहे. तिन्ही ठिकाणी शब्द वेगळे, जोर तोच. "च"चं भाषांतर "च"नेच करायला गेलं की फसतं.

पण तुमचा "जमणारच" मी घेणार नाही. "मिळवणारच" मी माझ्याबद्दल म्हणतो तेव्हा निर्धार असतो. "तुला जमणारच" हे दुसऱ्याबद्दल म्हटलं की भविष्य सांगितल्यासारखं होतं. निकाल लागल्यावर पोरगं फलकाकडे बघून काय म्हणेल?

---

मामलेदार_मिसळ

हे पटलं. ज्योतिषी नको.

---

नागोयाहून

उशिरा आलो. दुसऱ्या वाक्याबद्दल लिहितो, कारण ते मुळात इंग्रजी नाहीच, जपानी म्हण आहे: "नाना कोरोबी या ओकी". शब्दशः बघाल तर "सात पडणी, आठ उठणी". त्यात कुणाला आज्ञा नाही. "पडा" असं कुणी सांगत नाही. नुसती दोन नामं शेजारी ठेवली आहेत. इंग्रजीत येताना त्याची आज्ञा झाली, आणि मराठी खर्डा त्या इंग्रजीवरून झाल्यामुळे "सात वेळा पडा" आलं. मधल्या भाषेचा दोष वर संत्रंताईंनी सांगितला तोच, फक्त इथे मधली भाषा इंग्रजी.

---

रस्साकमी

आणि मराठीत "पडा" म्हणजे "पडा तिकडे!" सात वेळा. :))

मला आणखी एक खटकतं. सातदा पडला तर सातदाच उठेल ना? आठवं उठणं आलं कुठून?

---

नागोयाहून

तिथेही हा प्रश्न लोक विचारतात. :) एक समजूत अशी की माणूस सुरुवातीला आडवाच असतो, पहिलं उठणं जन्मानंतरचं. पण म्हणीत हिशेब बघत नाहीत, पडण्यापेक्षा उठणं एकने जास्त, एवढंच. जपानीत नादामुळे तो प्रश्न मनात येत नाही. नाना आणि या हे सात-आठचे देशी उच्चार आहेत, आणि शेवटी "-बी", "-की" असे दोन सारखे ठोके पडतात. मराठीत नाद गेला की हिशेब उघडा पडतो.

---

अनुस्वार

शिवाय सात म्हटलं की आपल्याकडे साडेसाती. आकडे भाषांतरात जसेच्या तसे न्यायचा आग्रह कशाला? मुद्दा "एकदा जास्त" हा आहे.

"पडशील त्याहून एकदा जास्त ऊठ."

---

पिंपळपार

"पडू तितके उठू, वर एकदा."

"वर" दोन्ही अर्थांनी. शिवाय वरचा एक म्हणजे भाजीवाल्याकडे घालतात तसा वरकड.

---

बोरूबहाद्दर

पिंपळपार, "वर एकदा" छान आहे, अंगठ्याच्या चाचणीतही उतरतं. पण दहा फुटांवरून पहिल्यांदा वाचणाऱ्याला "वर एकदा" म्हणजे "वरच्या मजल्यावर एकदा" वाटेल का, अशी धाकधूक आहे. बोलताना "वर"च्या आधी थांबता येतं, भिंतीवर तो थांबा स्वल्पविराम एकटा देऊ शकेल असं वाटत नाही. अनुस्वार यांचं स्पष्ट आहे, पण शेवटी "ऊठ" आल्यामुळे अंगठ्यात नापास. मला अजून तोड सापडलेली नाही.

---

सरळसोट

मग हे वाक्य बादच करा. प्रत्येक वाक्य प्रत्येक भाषेत आलंच पाहिजे असं कुठे आहे?

---

नागोयाहून

या वेळी सरळसोट यांच्याशी पूर्ण सहमत. नादावर उभ्या असलेल्या म्हणीचा अर्थ नेता येतो, म्हण नाही.

---

शिरोरेषा

फलक रंगवणारे आणि छापणारे जे गोंधळ घालतात त्याबद्दल थोडं, म्हणजे इतकी मेहनत भिंतीवर वाया जायला नको.

इंग्रजी फलकात जोर द्यायचा असेल तर मोठ्या लिपीतली अक्षरं घालतात किंवा दोन अक्षरांतली जागा वाढवतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, आणि जागा वाढवली की शिरोरेषा तुटते. "द म ल्या व र" असं सुटं दिसतं आणि वाचणारा ते शब्द म्हणून न वाचता अक्षरं म्हणून वाचतो. जोर हवा तर टंक जाड करा किंवा रंग बदला, जागा नको. तोही एकाच जोडीला, सगळ्याला नाही.

ओळी कुठे तोडता त्यावर बरंच काही आहे. वाक्य एका ओळीत कोंबलं तर दमल्यावर आणि जमल्यावर शेजारी येतात, पण डोळ्याला जोडी दिसत नाही. असं करा:

थांबायचं
दमल्यावर नाही,
जमल्यावर.

डावीकडून सरळ रेषेत, मधोमध नाही. म्हणजे "द"च्या बरोबर खाली "ज" येतो आणि बाकी सगळं जुळतं. मधोमध केलं तर दुसरी ओळ "नाही"मुळे लांब आहे, ती डावीकडे सरकते आणि जोडी मोडते.

आकाराचं म्हणाल तर दहा फुटांवरून आरामात वाचायला शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षर निदान दोन इंच ठेवा. तुमच्या तीन फूट रुंदीत "दमल्यावर नाही" याहून मोठंही बसेल. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल हवं, नाहीतर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

---

अनुस्वार

"थांबायचं" की "थांबायचे"? भिंतीवर लेखी भाषा असावी असं माझं मत. शिरोबिंदूवाली रूपं संवादात ठीक.

---

पिंपळपार

पण हे वाक्य संवादच आहे ना, स्वतःशी केलेला. "थांबायचे" म्हटलं की पुन्हा डेपोत आलो.

---

अनुस्वार

म्हणजे माझं टोपणनाव वाचवायला तुम्ही माझ्याच विरुद्ध बोलताय. बरं, चालवा. पण तिन्ही फलकांवर एकच धोरण ठेवा, एकावर "थांबायचं" आणि दुसऱ्यावर "जायचे" नको.

---

केशरकाडी

चालकांशी बोलले. पहिला फलक शिरोरेषा यांनी मांडला तसाच, "थांबायचं" सकट. तिसरा "जमेल तुला." एवढाच, जाड टंकात. ते आधी म्हणाले "फारच लहान झालं, खाली इंग्रजी पण लिहा". नको म्हटलं. दोन भाषा शेजारी ठेवल्या की वाचणारा अर्थ सोडून तुलना करत बसतो.

दुसरा फलक तूर्त रिकामा ठेवलाय. चालकांना आठचा आकडा फार आवडलाय, ते सोडत नाहीयेत. कुणाला काही सुचलं तर शनिवारपर्यंत सांगा, रंगारी रविवारी येणार आहे.

---

नागपुरी_संत्रं

एक शंका आत्ताच आली. पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही फलकांवर "जम" आहे. शेजारी शेजारी लावू नका, एकाची धार दुसरा खाईल. समोरासमोरच्या भिंतींवर लावा.

---

रस्साकमी

आणि ताई, "जमल्यावर"चा आणखी एक अर्थ कुणीच बोललं नाही. चार टाळकी जमल्यावर थांबायचं आणि चहाला जायचं, असं पोरं पहिल्याच दिवशी वाचणार.

---

पिंपळपार

अरे देवा.